निळ्या फिल्टरने सायनोटाइप का होत नाही?

फोटोला सायनोटाइपसारखं निळं-पांढरं रूप द्यायचं असेल तर बहुतेक जण एकच गोष्ट करतात. फोटो कृष्णधवल करतात, काळ्याच्या जागी गडद निळा टाकतात, पांढऱ्याच्या जागी मळकट पांढरा, आणि वरून कागदाच्या पोताचं एक चित्र पसरतात. होतं काय, तर फोटो निळा दिसतो पण छापलेला वाटत नाही. मधल्या छटा राखाडी पडतात, कडा धुरकट होतात आणि पोत काचेवर चिकटवल्यासारखा वर तरंगत राहतो.

या तिन्ही दोषांचं मूळ एकच आहे. आपण दिसणाऱ्या रंगावर काम करतो, आणि खऱ्या सायनोटाइपमध्ये जे काही घडतं ते कागदावर किती निळं द्रव्य बसलं यावर घडतं. तेव्हा या लेखात आपण प्रत्येक पिक्सेलसाठी एकच संख्या धरून चालणार आहोत: रंगद्रव्याचं प्रमाण, `c`. कोरा कागद म्हणजे ०, आणि बसू शकेल तेवढं सगळं निळं बसलं म्हणजे १. टोन कर्व्ह, मऊ कडा, कागदाचा पोत, सगळं याच `c` वर करायचं आणि रंग अगदी शेवटी काढायचा. क्रम एवढाच. पण त्याने चित्र किती बदलतं ते आकड्यांनीच बघू.

आधी थोडं रसायन

जॉन हर्शेलने १८४२ साली ही पद्धत शोधली. फेरिक अमोनियम सायट्रेट आणि पोटॅशियम फेरीसायनाइड यांचं द्रावण कागदाला लावायचं, अंधारात वाळवायचं, त्यावर निगेटिव्ह किंवा एखादी वस्तू ठेवून उन्हात धरायचं. अतिनील प्रकाशाने फेरिक लोहाचं फेरस होतं, ते फेरीसायनाइडशी जोडलं जातं आणि प्रशियन निळा तयार होतो. मग पाण्यात धुतलं की न वापरलेले क्षार निघून जातात आणि निळं तेवढं कागदाच्या तंतूंमध्ये अडकून राहतं.

इथे दोन गोष्टी लक्षात ठेवा. एक, जिथे प्रकाश पडतो तिथे गडद होतं. ॲना ॲटकिन्सने १८४३ पासून शेवाळांची जी सायनोटाइप चित्रं काढली त्यांत वनस्पती थेट कागदावर ठेवलेली असायची. तिने प्रकाश अडवला, म्हणून ती पांढरी आणि भोवताल निळा. फोटोवरून छापा काढताना मात्र मध्ये निगेटिव्ह असते, त्यामुळे फोटोतला काळा भाग निळा होतो आणि पांढरा पांढराच राहतो. म्हणून फोटो उलटा करायची गरज नाही. तुम्हाला ॲटकिन्ससारखं पांढरं पान निळ्यावर हवं असेल आणि तुमच्या फोटोत गडद पान पांढऱ्यावर असेल, तरच उलटा करा.

दुसरी गोष्ट, प्रशियन निळा सर्वांत जास्त शोषतो तो लाल प्रकाश. त्याच्या शोषणाचं शिखर सुमारे ७०० नॅनोमीटरला असतं. हिरवा तो त्याहून कमी शोषतो आणि निळा सर्वांत कमी. रंगाचा सगळा प्रश्न या एका वाक्यात सुटतो.

एक प्रमाण, तीन रंग

बीअर-लॅम्बर्ट नियम आपण सगळ्यांनी बी.एस्सी.च्या प्रात्यक्षिकात वापरलेला असतो. द्रव्य वाढत गेलं की आरपार जाणारा प्रकाश घातांकी वेगाने कमी होतो. तोच इथे लाल, हिरव्या आणि निळ्या वाहिनीला वेगवेगळ्या गुणांकांसह लावायचा:

```
R = P * exp(-k * c)
```

`P` म्हणजे कोऱ्या कागदाची परावर्तकता आणि `k` म्हणजे त्या वाहिनीचा शोषण गुणांक. `k` कुठून आणायचा? दोन टोकं ठरवा. मी कागदाचा रंग (२४४, २४०, २२८) धरला आहे आणि सर्वांत गडद निळा (१४, ४२, ९२). हे आकडे पडद्यासाठीच्या एसआरजीबी मूल्यांचे आहेत. ते प्रकाशाच्या प्रत्यक्ष प्रमाणात नसतात, म्हणून आधी रेषीय मूल्यांत आणावे लागतात. तसं केलं की कागद होतो ०.९०५, ०.८७१, ०.७७६ आणि गडद निळा होतो ०.००४४, ०.०२३२, ०.१०७०. आता `c = 1` ला कागदापासून गडद निळ्यापर्यंत पोचायचं आहे, म्हणजे `k` हा दोन्हींच्या गुणोत्तराचा नैसर्गिक लॉगॅरिदम. उत्तर येतं: लालसाठी ५.३३, हिरव्यासाठी ३.६३, निळ्यासाठी १.९८. लाल सर्वांत जास्त, निळा सर्वांत कमी. रसायनाने सांगितलेला क्रम जुळतो.

आता साध्या मिश्रणाशी तुलना करू. `c = 0.25` घेतलं तर वरच्या सूत्राने पडद्यावरचा रंग (१३४, १६०, १८३) येतो. फिल्टरच्या पद्धतीने, म्हणजे कागदाचा रंग आणि गडद निळा सरळ मिसळून, लाल वाहिनी १३४ ला आणली तर मिळतो (१३४, १४५, १६३). लाल तोच, पण पहिल्यात लाल आणि निळ्यातलं अंतर ४९ आहे, दुसऱ्यात फक्त २९. राखाडीपणा जो दिसतो तो हाच. मिश्रणात आपण गडद निळा पातळ करत नाही, त्याच्यावर कागदाच्या रंगाचा पडदा ओढतो. द्रव्य पातळ झालं की लाल अजून अडलेलाच असतो, पण हिरवा आणि निळा लवकर मोकळे होतात. म्हणून खऱ्या छाप्यातल्या फिकट छटा आकाशी दिसतात.

टोन कर्व्ह: काळा नाही, हे आधी मान्य करा

पुढचा प्रश्न: फोटोतल्या कुठल्या राखाडीला किती `c` द्यायचा? सोपं उत्तर वाटतं `1 - राखाडी`. पण ते लावलं तर चित्र एकदम काळवंडतं. कारण `c = 0.5` चा उजळपणा पडद्यावरच्या राखाडी १०३ एवढा पडतो, १२८ एवढा नाही. राखाडी १२८ चा उजळपणा टिकवायचा तर `c` सुमारे ०.३७ लागतो, आणि १९० साठी सुमारे ०.१४. म्हणजे कर्व्ह मध्ये खाली झुकलेला हवा.

खालच्या टोकाची अडचण वेगळी. आपला सर्वांत गडद निळा उजळपणात राखाडी ४४ च्या बरोबरीचा आहे. त्याहून गडद काही या कागदावर असूच शकत नाही. फोटोत ० ते ४४ मध्ये जे काही आहे ते थोड्याशा जागेत दाबून बसवावं लागणार. वरच्या टोकालाही तसंच. फार कमी प्रकाश मिळालेल्या जागी जे थोडंसं निळं बनतं त्यातलं बरंच धुण्यात निघून जातं, म्हणून अगदी फिकट छटा कोऱ्या कागदात विरतात. तेव्हा आपले बिंदू असे घेऊ:

```python
px = [0, 30, 64, 128, 190, 235, 255]
pc = [1, .96, .78, .36, .10, 0, 0]
c = PchipInterpolator(px, pc)(g)
```

`g` म्हणजे ० ते २५५ मधली राखाडी. `PchipInterpolator` मुद्दाम घेतलं आहे. साधा क्युबिक स्प्लाइन बिंदूंच्या मध्ये डोकं वर काढतो आणि २३५ च्या आसपास `c` ऋण होऊ शकतो. ऋण `c` म्हणजे कागदाहून उजळ जागा, जी छाप्यात असणं शक्यच नाही. पीचिप बिंदूंच्या बाहेर जात नाही.

एक उदाहरण शेवटपर्यंत घेऊन जाऊ. फोटो असा आहे: चुन्याने पांढरी केलेली भिंत, तिच्यात जुना लाकडी दरवाजा आणि उंबऱ्यावर पितळी घागर. भिंत राखाडी २३२ च्या आसपास, घागरीचं अंग १२०, तिच्यावरची चमक २४५, दरवाज्याच्या फळ्या २८ आणि दोन फळ्यांमधली फट १२.

कर्व्हमधून गेल्यावर भिंत जवळजवळ कोरा कागद होते, चमक तर होतेच. म्हणजे घागरीवरची चमक आणि मागची भिंत आता एकाच रंगाची. घागरीच्या अंगाला सुमारे ०.४० मिळतं, तिथे गोलाई छान उतरते, कारण कर्व्हचा उतार तिथेच जास्त आहे. दरवाज्याकडे बघा: फळीची हिरवी वाहिनी ४५ येते आणि फटीची ४३. मूळ फोटोत १६ पायऱ्यांचा फरक होता, आता २ उरला. फळ्या एकमेकींत मिसळून एकच निळा चौकोन झाला.

हा दोष आहे का? तुम्हाला काय दाखवायचं आहे त्यावर ते अवलंबून. घागर हा विषय असेल तर दरवाजा बुडालेलाच बरा, सायनोटाइपचा बाजही तोच. फळ्या दिसायला हव्या असतील तर दुसरा बिंदू ०.९६ वरून ०.९० वर आणा. पण ही मोकळी जागा कुठून तरी घेतलेली असते: ३० ते ६४ मधला उतार कमी होतो आणि तिथल्या छटा एकमेकींच्या जवळ येतात. कर्व्ह कुठलीही छटा फुकट देत नाही.

म्हणून फोटोला हात लावण्याआधी ० ते २५५ मधल्या २१ समान पायऱ्यांची राखाडी पट्टी करा आणि तीच या कर्व्हमधून काढा. प्रत्यक्ष छापणारे लोकही पहिल्यांदा अशी पट्टीच छापतात. आपल्या बिंदूंवर वरच्या दोन पायऱ्या कोऱ्या कागदात जातात आणि खालच्या दोन एकमेकींपासून ओळखू येत नाहीत. मधे कुठे दोन शेजारच्या पायऱ्या एकसारख्या दिसल्या किंवा अचानक मोठी उडी दिसली, तर बिंदू चुकीच्या जागी आहेत. फोटोत हे कळत नाही, कारण तिथे डोळा विषयाकडे बघतो.

कोड लिहायचा नसेल तर हेच जिम्पमध्ये `Colors > Curves` मध्ये जमतं. फोटो कृष्णधवल करा, पण मोड आरजीबीच ठेवा आणि तिन्ही वाहिन्यांना वेगळे बिंदू द्या:

| मूळ राखाडी | लाल | हिरवा | निळा |
|---|---|---|---|
| ० | १४ | ४२ | ९२ |
| ६४ | ३२ | ६४ | ११३ |
| १२८ | १०२ | १३३ | १६६ |
| १९० | १९३ | २०४ | २०९ |
| २३५ | २४४ | २४० | २२८ |

२३५ च्या पुढे तिन्ही कर्व्ह आडवे ठेवा. रंग बरोबर येईल. पण यात `c` हातात राहत नाही, त्यामुळे पुढच्या दोन पायऱ्या जिम्पमध्ये अंदाजानेच कराव्या लागतात.

मऊ कडा: कोण कोणात शिरतं?

निगेटिव्ह आणि कागद यांच्यात थोडी फट असली की प्रकाश बाजूला सरकतो आणि कड मऊ होते. नुसता सूर्य असेल तर हा परिणाम फार कमी असतो. सूर्य आकाशात सुमारे अर्ध्या अंशाचा दिसतो, म्हणून १ मिलिमीटर फटीला कडेची मऊ पट्टी जेमतेम ०.०१ मिलिमीटर येते. पण आकाशातून येणारा विखुरलेला प्रकाश सगळ्या बाजूंनी येतो, आणि ढगाळ दिवशी तर तोच मुख्य असतो. मऊपणा मुख्यतः त्याचा.

संगणकावर आपण ब्लर लावतो. तो कशावर लावायचा, हा इथला खरा प्रश्न. फोटोवरच लावला तर उजळ भाग गडद भागात पसरतो, कारण फोटोत प्रकाश उजळ भागातून येतो. पण छापताना प्रकाश निगेटिव्हच्या पारदर्शक भागातून येतो, आणि तो भाग म्हणजे फोटोतला काळा. म्हणजे खऱ्या छाप्यात निळं पांढऱ्यात शिरतं. फोटोवर ब्लर लावल्याने बरोबर उलटं होतं.

हे सुधारायला ब्लर प्रकाशमात्रेवर लावायचा. मात्रा आणि `c` यांचं नातं साधं धरू: सुरुवातीला निळं भरभर बनतं, मग द्रव्य संपत येतं तसा वेग मंदावतो. म्हणजे `c` हा `1 - exp(-E)` च्या प्रमाणात. हे गृहीतक आहे, मोजमाप नाही, पण दिशा त्याने बरोबर येते.

```python
E = -np.log(1 - 0.97*c)
E = gaussian_filter(E, 1.8)
c = (1 - np.exp(-E))/0.97
```

०.९७ घेतलं कारण `c = 1` ला लॉगॅरिदम अनंतात जाईल. १.८ पिक्सेल कुठून आले? छापा इंचाला ३०० पिक्सेलने काढायचा तर १ मिलिमीटर म्हणजे ११.८ पिक्सेल, मला ०.१५ मिलिमीटरचा मऊपणा हवा होता. ब्लर नेहमी मिलिमीटरमध्ये ठरवा आणि मग पिक्सेलमध्ये आणा. नाहीतर तोच फोटो मोठ्या आकारात काढला की कडा अचानक तीक्ष्ण वाटतात.

फरक किती? काळ्या आणि पांढऱ्याची सरळ कड घ्या आणि अगदी कडेवरचा बिंदू बघा. आधी फोटोच्या रेषीय मूल्यांवर ब्लर आणि मग कर्व्ह असं केलं, तर तिथे `c` सुमारे ०.११ येतो, जवळजवळ पांढरा. मात्रेवर ब्लर लावला तर ०.८५, जवळजवळ पूर्ण निळा. कड एकदा एका बाजूला सरकते, एकदा दुसऱ्या. आपल्या उदाहरणात घागरीच्या गळ्याला बांधलेली सुंभाची दोरी भिंतीवर गडद दिसते. पहिल्या पद्धतीत ती झिजून तुटक होते, दुसरीत थोडी जाड होते. उलट, गडद दरवाज्यावर उन्हाची बारीक तिरीप असेल तर दुसरीत ती बुजत जाते. कुठलाही निळा छापा खरा की फिल्टरचा हे ओळखायचं असेल तर अशा बारीक पांढऱ्या रेषा शोधा. त्या गडद भागात ऐटीत टिकून असतील आणि भोवतालच्या कडा मात्र मऊ असतील, तर ब्लर चुकीच्या जागी लागला आहे.

लेपाची कड वेगळी

चित्राच्या कडा आणि लेपाच्या कडा यांत गल्लत करू नका. द्रावण ब्रशने लावलेलं असतं, आणि निगेटिव्हच्या बाहेरच्या लेपावर पूर्ण प्रकाश पडतो. म्हणून चित्राभोवती गडद निळी चौकट असते आणि तिच्या बाहेर ब्रशच्या ओढीप्रमाणे फाटलेली कड. ही कड धूसर नसते. वेडीवाकडी असते, पण जवळून बघितली तर बऱ्यापैकी ठसठशीत. नुसता मोठा ब्लर लावला तर जुन्या लग्नाच्या अल्बममधल्या फोटोसारखी धुक्याची चौकट तयार होते.

उपाय असा की ब्लर लावलेल्या चौकोनात ब्रशच्या दिशेने ताणलेला गोंगाट मिसळायचा आणि मग अरुंद उंबरठा लावायचा:

```python
C = np.pad(c, 270, constant_values=1.0)
M = np.zeros_like(C)
M[150:-150, 150:-150] = 1
M = gaussian_filter(M, 60)
rng = np.random.default_rng(7)
n = gaussian_filter(rng.standard_normal(C.shape), (3, 25))
n = n/n.std()
M = np.clip((M + 0.10*n - 0.45)/0.10, 0, 1)
```

२७० पिक्सेलमधले बाहेरचे १५० कोऱ्या कागदाचे, आतले १२० निळ्या चौकटीचे. `(3, 25)` मुळे गोंगाट आडवा ताणला जातो, म्हणजे ब्रश आडवा फिरवल्यासारखा. `M` ने शेवटी `C` ला गुणायचं, रंगाला नाही. त्यामुळे जिथे लेप पातळ होतो तिथे आपोआप आकाशी छटा येते.

कागद दोन ठिकाणी बोलतो

पोताचं चित्र वरून गुणलं की तो पांढऱ्यात आणि निळ्यात सारखाच पसरतो, आणि म्हणून खोटा वाटतो. खऱ्या कागदाचे परिणाम दोन असतात. पृष्ठभागाच्या चढउतारामुळे पडणारी बारीक सावली सगळीकडे असते, कोऱ्या जागीही. दुसरा परिणाम द्रव्याचा: तंतूंप्रमाणे लेप कुठे जास्त बसतो, कुठे कमी. हा फक्त जिथे निळं आहे तिथेच दिसू शकतो.

पोत मिळवायला वॉटरकलर कागदाचा कोरा तुकडा इंचाला ३०० पिक्सेलने स्कॅन करा. स्कॅनरचा प्रकाश एकसारखा नसतो, म्हणून त्या चित्राला त्याच्याच खूप ब्लर केलेल्या रूपाने भागा. सूक्ष्मदर्शकाच्या चित्रांत पार्श्वभूमी सपाट करायला आपण हेच करतो. उरतो तो सरासरी १ असलेला नुसता पोत.

```python
p = to_lin(np.asarray(Image.open("kagad.png").convert("L"))/255)
p = p/gaussian_filter(p, 80)
p = p[:C.shape[0], :C.shape[1]]
t = (p - 1)/p.std()
A = np.clip(C*M*(1 - 0.06*t), 0, 1.1)
paper = np.array([0.905, 0.871, 0.776])
k = np.array([5.33, 3.63, 1.98])
out = paper*np.exp(-A[..., None]*k)*p[..., None]
```

`to_lin` म्हणजे एसआरजीबीवरून रेषीय मूल्य काढणारं फंक्शन. स्कॅन केलेला तुकडा `C` पेक्षा मोठा असू द्या. लहान तुकडा ताणला तर तंतू दोऱ्यांएवढे जाड होतात, आणि जोडून वापरला तर तोच डाग ठराविक अंतराने परत दिसतो. सूत्रातलं वजा चिन्ह म्हणजे खळग्यात द्रव्य जास्त साचलं. भरपूर ओल्या ब्रशने लेप दिला तर तसं होतं. कोरड्या ब्रशने खळगे रिकामेच राहतात, तेव्हा चिन्ह अधिक करा.

हे ६ टक्के कुठे किती दिसतात ते हिरव्या वाहिनीत बघा. `c = 0.36` ला रंग सुमारे ५ पायऱ्या खालीवर होतो, पूर्ण निळ्यातही सुमारे ५, पण `c = 0.05` ला फक्त एखादी. घागरीवर आणि दरवाज्यावर दाणा दिसतो, भिंतीवर जवळजवळ नाही. तिथे नुसती कागदाची सावली उरते. शिवाय या दाण्याचा एक फायदा: आठ बिटांच्या चित्रात सपाट भिंतीवर किंवा आकाशात ज्या पट्ट्या उमटतात त्या मोडल्या जातात. मात्र शेवटपर्यंत दशांश मूल्यांतच काम करा आणि एकदाच, अगदी शेवटी, `out` परत एसआरजीबीत आणून पूर्णांक करा.

तपासायचं कसं आणि कुठे थांबायचं

तयार चित्रातले तीन तुकडे शंभर टक्के आकारात उघडा. पहिला भिंतीचा: रंग कागदाच्या मूळ रंगाभोवतीच हवा, त्याहून ठळकपणे उजळ काही दिसलं तर कर्व्हमध्ये ऋण `c` आहे. दुसरा घागरीचा: फिकट बाजू आकाशी हवी, राखाडी असेल तर कुठेतरी रंग मिसळले गेले आहेत, शोषले गेले नाहीत. तिसरा दोरीचा: ती मूळ फोटोपेक्षा बारीक झाली असेल तर ब्लर चुकीच्या बाजूला आहे. हे तिन्ही तपास एकमेकांपासून स्वतंत्र आहेत, त्यामुळे बिघाड कुठल्या पायरीत आहे ते लगेच कळतं.

या प्रारूपाच्या मर्यादाही स्पष्ट आहेत. बीअर-लॅम्बर्ट पारदर्शक द्रावणासाठी आहे. कागदात प्रकाश विखुरतो, त्यासाठी कुबेल्का-मंक सिद्धांत जास्त योग्य. तीन वाहिन्या म्हणजे पूर्ण वर्णपटही नाही. आणि आपले दोन टोकांचे रंग निवडलेले आहेत, मोजलेले नाहीत. कागद, धुणं, द्रावणाचं प्रमाण बदललं की खरा गडद निळाही बदलतो. तुमच्याकडे खरा छापा असेल तर त्याच्याच कोऱ्या आणि सर्वांत गडद जागेचे रंग घ्या आणि `k` नव्याने काढा. त्याच छाप्यातली एखादी मधली छटा प्रारूपाने सांगितलेल्या रंगाशी ताडून बघता येते: लाल वाहिनी जुळवा आणि हिरवी, निळी जुळतात का ते तपासा. जुळली नाहीत तर फरक कुठल्या दिशेला आहे ते लिहून ठेवा, कारण विखुरण्याचा हिशोब घालायचा की नाही हे तोच सांगेल.

शेवटी नावाबद्दल. हे चित्र कुठे लावलं किंवा छापलं तर खाली "सायनोटाइप" असं लिहू नका. "सायनोटाइप शैलीतलं डिजिटल चित्र" असं लिहा. सायनोटाइप म्हणजे लोहक्षारांवर प्रकाश पडून झालेला छापा. आपल्याकडे त्याचं गणिती प्रारूप आहे आणि त्यात मऊपणा किती, दाणा किती, काळोखात काय बुडवायचं, हे सगळं आपण ठरवलेलं आहे. तसंच, ज्या फोटोतून पुढे काही मोजायचं आहे, मग तो पानाच्या शिरांचा असो की जेलवरच्या पट्ट्यांचा, त्याला हा कर्व्ह लावून अहवालात घालू नका. वरच्या उदाहरणात फळी आणि फट यांच्यातला १६ पायऱ्यांचा फरक २ वर आला, आणि तो मागे वळवून परत मिळवता येत नाही.